नाव छापायला देण्याआधी

नव्या वस्तूच्या नावातून दुसऱ्या भाषेत काही भलता अर्थ निघतो का, ही तपासणी लेबलं छापायला जाण्याच्या निदान तीन आठवडे आधी उरकावी. एकदा छपाई झाली की नाव बदलायला कुणीच तयार नसतं. उदाहरणादाखल फरशी पुसायचं एक द्रावण कल्पनेनं घेऊ, नाव ‘सडा फ्रेश’. मराठी कानाला झकास: सडा-रांगोळी, प्राजक्ताचा सडा.

आधी नाव रोमन लिपीत लिहून त्याची जमतील तेवढी वाचनं कागदावर काढा. Sada मधला पहिला a म्हणजे अ किंवा आ, d म्हणजे द किंवा ड. म्हणून सदा, सादा, सडा, साडा असे चार शब्द निघतात. हिंदी वाचक ‘सदा फ्रेश’ वाचेल, त्यात नुकसान एवढंच की अंगणातला सडा गेला.

मग नाव मोठ्यानं म्हणा. खरी गोची इथे आहे. हिंदीत ‘सड़ा’ म्हणजे कुजलेला. तिथे ड खाली नुक्ता असतो, पण उच्चार आपल्या सड्यासारखाच, त्यामुळे नुसतं कागदावर पाहणाऱ्याला हे दिसत नाही. मराठी माणसांच्या बैठकीतही निसटतं, कारण सडणं आपल्याकडेही असलं तरी कुजलेल्याला आपण ‘सडका’ म्हणतो. म्हणून नाव सुटं तपासू नका, दुकानातल्या वाक्यात घाला: ‘भैया, एक सड़ा फ्रेश देना.’ हे ऐकल्यावर चर्चा लांबत नाही.

इंग्रजीसाठी नाव जोडून, लहान अक्षरांत लिहा, कारण वेबसाइटच्या पत्त्यात आणि हॅशटॅगमध्ये ते तसंच जातं. `sadafresh` मध्ये डोळ्याला पहिल्यांदा sad दिसतं आणि पुढचं afresh आपोआप जुळतं. नव्यानं दुःखी!

शिव्या आणि चावट अर्थ शब्दकोशात क्वचितच सापडतात, ते माणसांकडूनच कळतात. प्रत्येक भाषेची आठ-दहा माणसं पुरतात, पण सगळी एकाच शहरातली नकोत. कोकणात सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळी पठार. कॉलेजातली पोरं हवीतच. वस्तू काय आहे ते न सांगता नाव ऐकवा आणि पहिलं काय आठवलं ते निनावी चिठ्ठीवर लिहून घ्या. साहेबांसमोर तोंडानं कुणी सांगत नाही.

सापडलेला प्रत्येक अर्थ नाव मारत नाही. तो वस्तूच्या कामावरच उलटतो का, एवढं पाहा. साबणाच्या नावात ‘साधा’ ऐकू आलं तर चालून जाईल, स्वच्छतेच्या वस्तूत ‘कुजका’ नाही.

बाजारात उतरण्याच्या आठवड्यात बातम्यांमध्ये नाव पुन्हा शोधा. टाटांची ‘झिका’ गाडी ‘झिपी कार’वरून बेतलेली होती, नावात खोट नव्हती. पण २०१६ मध्ये त्याच उच्चाराचा विषाणू जगभर गाजू लागला आणि गाडी ‘टियागो’ होऊन आली.