बाराशेच्या चपलेचे हातात किती पडतात? कारागिरांसाठीचं माहितीचं पान सुधारताना

ऑनलाइन बाजारपेठेत माल विकायला येणाऱ्या कारागिराला सगळ्यात आधी जे पान दिसतं, ते लिहिण्याचं किंवा सुधारण्याचं काम ज्यांच्या वाट्याला नुकतंच आलं आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहिते आहे. मी कोल्हापुरात राहते. माझ्याकडे आलेलं पान कोल्हापुरी चपला करणाऱ्यांसाठी होतं. मूळ पान चुकीचं नव्हतं, त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. तरीही ते वाचून माल नोंदवलेल्या माणसाला पहिलं पेमेंट आलं की आपली फसवणूक झाली असं वाटायचं.

त्याचं कारण पानाच्या मांडणीत होतं. ‘कमिशन फक्त १५ टक्के’ हे ठळक अक्षरात वर होतं. पेमेंट शुल्क खाली दुसऱ्या विभागात, कुरिअरचा खर्च एका वेगळ्या दरपत्रकात, आणि या सगळ्यावर लागणारा जीएसटी तळटीपेत. कारागीर चार ठिकाणची बेरीज करत बसत नाही. तो वरचा आकडा धरतो आणि कामाला लागतो.

म्हणून मजकुराला हात लावण्याआधी मी ते पान सुभाषनगरातल्या आणि चप्पल लाईनीतल्या काही जणांना वाचायला दिलं. इथे नव्या लोकांना एक गोष्ट आवर्जून सांगते: ‘समजलं का?’ असं कधीही विचारू नका. समोरचा ‘हो’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हणणं त्याला अवघड वाटतं आणि तुम्हाला नाराज करायचं नसतं. त्याऐवजी एक हिशोब घाला. ‘मामा, बाराशेला जोड विकला गेला. तुमच्या खात्यात किती येतील? आणि कधी?’ उत्तर आलं की ते तसंच्या तसं वहीत लिहून घ्या, दुरुस्त करू नका. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच होतं: एक हजार वीस रुपये, सात दिवसांत. त्यातले एक वयस्कर कारागीर मला म्हणाले, “ताई, टक्क्यांचं ऱ्हाऊ दे. हातात किती पडणार तेवढं सांगा की.” पान कुठून सुरू करायचं ते मला तिथे कळलं.

नव्या पानावर टक्केवारीच्या आधी एक जोड आला. शब्द असे होते:

‘तुम्ही १२०० रुपये किमतीचा एक जोड विकला.
आमचं कमिशन, १५ टक्के: १८० रुपये
ऑनलाइन पेमेंटचं शुल्क, २ टक्के: २४ रुपये
कुरिअर: ९० रुपये
या तिन्हींच्या बेरजेवर, म्हणजे २९४ रुपयांवर, १८ टक्के जीएसटी: ५२.९२ रुपये
एकूण कपात: ३४६.९२ रुपये
तुमच्या खात्यात येणार: ८५३.०८ रुपये’

एक हजार वीसच्या अपेक्षेपेक्षा हे १६६.९२ रुपयांनी कमी आहे. एका जोडामागे एवढा फरक पडला तर कातड्याचा खर्च आणि वेणी घालणाऱ्या बाईची मजुरी सुटणार की नाही, हेच बदलतं. मार्केटिंगच्या लोकांना भीती होती की हा आकडा पाहून कारागीर नोंदणीच करणार नाहीत. माझं म्हणणं असं होतं की हा आकडा त्याला दिसणारच आहे; प्रश्न एवढाच की नोंदणीआधी दिसतो की पहिल्या पेमेंटनंतर. आधी दिसला तर तो किंमत बदलू शकतो. म्हणून हिशोबाच्या खालीच पुढची ओळ घातली: ‘हातात साधारण १००० रुपये हवे असतील तर किंमत १३८५ रुपये लावा.’ ही ओळ नसती तर वरचा हिशोब नुसता धक्का देऊन थांबला असता.

परताव्याचं प्रकरण याहून जास्त झोंबणारं. कोल्हापुरी चप्पल पायात घातल्यावर थोडी सैल होते, आणि शहरातलं गिऱ्हाईक बुटाच्या मापानं मागवतं, त्यामुळे माप चुकून जोड परत येणं नेहमीचं. जुन्या पानावर लिहिलं होतं, ‘परताव्याच्या ऑर्डरवर कमिशन आकारलं जात नाही.’ हेही खरंच. पण कारागिरानं त्याचा अर्थ घेतला की जोड परत आला तर नफा नाही आणि तोटाही नाही. प्रत्यक्षात माप न बसल्यामुळे आलेल्या परताव्यात जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही कुरिअर खर्च त्याच्या अंगावर होता: जीएसटीसह १०६.२० रुपये दोनदा, म्हणजे २१२.४० रुपये, पुढच्या पेमेंटमधून वजा. नव्या पानावर हे दुसरं उदाहरण म्हणून पहिल्याच्या शेजारी आलं. ‘जोड परत आला तर’ असं साधं शीर्षक, आणि खाली वजा २१२.४० रुपये. शुल्काचं पान लिहिताना विक्री झाली तर काय, एवढ्यावर थांबू नका. विक्री मोडली तर काय, हे तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवं.

आता ‘कधी’. पानावर ‘पेमेंट टी प्लस सेव्हन’ असं होतं. हिशोब विभागात ही भाषा रोजची आहे, पण कारागीर ती ‘विकल्यापासून सात दिवस’ अशी वाचतो. घड्याळ सुरू होत होतं माल गिऱ्हाइकाला पोचल्यावर, सात दिवस परताव्याची मुदत, आणि त्यानंतर येणाऱ्या बुधवारी पैसे. मी याचा आठवडा मांडला: सोमवारी ऑर्डर आली, बुधवारी कुरिअरवाला माल घेऊन गेला, शनिवारी पोचला, पुढच्या शनिवारी परताव्याची मुदत संपली, त्यानंतरच्या बुधवारी पैसे जमा. म्हणजे ऑर्डरपासून सोळा दिवस. मजुरी दर आठवड्याला द्यावी लागणाऱ्या माणसाला हे आधी कळलं तर तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांचं भांडवल बाजूला ठेवतो. आम्ही वारांची नावं लिहिली, कारण ‘सात कार्यालयीन दिवस’ यापेक्षा ‘बुधवार’ लक्षात राहतो.

पैसे अडकण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण मला सपोर्टच्या नोंदींतून मिळालं, आणि ते पानावर कुठेच नव्हतं: पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नाही. धंदा नवऱ्याच्या नावावर आणि खातं बायकोचं, किंवा पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आणि पासबुकात नुसतं आद्याक्षर. कंपनी खातं तपासायला एक रुपया पाठवते. त्यासोबत बँकेकडून जे नाव परत येतं ते पॅनशी ताडलं जातं. न जुळलं तर खातं अडकतं. सहकारी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यावर आयएफएससी कोड बदलतो, ही इथली आणखी एक अडचण. म्हणून ‘नोंदणीआधी पासबुक आणि पॅन शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघा’ ही ओळ कागदपत्रांच्या यादीच्या वर आली.

जीएसटीचा मुद्दा कोल्हापुरात नुसता कायद्याचा राहत नाही, तो भूगोलाचाही होतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही ऑनलाइन बाजारपेठेत माल विकता येतो. त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवरून पॅनच्या आधारे नोंद क्रमांक घ्यावा लागतो. मात्र विक्री फक्त आपल्या राज्यातच. मूळ पानावर ‘राज्यांतर्गत पुरवठा’ असं होतं. आम्ही लिहिलं: ‘मुंबई, पुणे, नागपूर चालेल. निपाणी, बेळगाव, बंगळूर चालणार नाही.’ निपाणी इथून तासाभराच्या अंतरावर, तिथे रोजचं येणंजाणं, म्हणून हे नाव घेतल्याशिवाय मर्यादा कळत नाही. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांच्या ०.५ टक्के कर-वसुलीचा हिशोब, आणि वर्षाला ५ लाखांहून जास्त विक्री झाल्यावर लागणारा ०.१ टक्के टीडीएस, हे दोन्ही वेगळ्या भागात ठेवलं. छोट्या कारागिराला ते वाचायला लावून वरचा हिशोब गढूळ करू नये.

फोटोंच्या भागात ‘२००० बाय २००० पिक्सेल, पांढरी पार्श्वभूमी, चौरस’ एवढंच होतं. फोन हातात असलेल्या माणसाला पिक्सेल मोजता येत नाहीत, आणि मोजायची गरजही नसते. नाकारलेले फोटो पाहिले तर बहुतेक फोनवर चांगलेच निघाले होते. मुलानं किंवा पुतण्यानं ते व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवल्यामुळे लहान झाले होते. म्हणून पहिली सूचना बदलली: ‘फोटो ज्या फोनवर काढला त्याच फोनवरून टाका. व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवायचाच असेल तर “डॉक्युमेंट” म्हणून पाठवा.’ दुसरी प्रकाशाची: सकाळी दाराजवळ, फ्लॅश बंद. ट्यूबलाइटखाली नैसर्गिक रंगाचं कातडं पिवळट दिसतं, आणि घरी आलेला जोड वेगळ्या रंगाचा वाटला की गिऱ्हाईक परत करतं. तिसरी माझ्या मते सगळ्यात उपयोगाची: एका फोटोत चपलेच्या तळव्यावर टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजपट्टी ठेवा, आकडे वाचता यायला हवेत. सहा किंवा सात नंबर म्हणजे किती, यावर वाद होतो. सेंटिमीटरवर होत नाही. वरच्या २१२.४० रुपयांचा परतावा टाळण्याचा हाच सोपा मार्ग, आणि पानावर तो संबंध आम्ही एका वाक्यात जोडून दिला. नुसतं ‘मोजपट्टी ठेवा’ म्हटलं तर लोक ठेवत नाहीत.

मदतीचा भाग लहान ठेवा, पण त्यात आश्वासन देताना जपून. ‘चोवीस तास मदत’ असं लिहायचा मोह होतो. मी सपोर्टच्या लोकांसोबत बसून विचारलं की फोन खरोखर कधी उचलला जातो, मराठीत बोलणारं माणूस कधी असतं, आणि तेवढंच लिहिलं. सोबत ‘फोन करताना ऑर्डर क्रमांक जवळ ठेवा’ आणि तो कुठे सापडतो त्याचं चित्र. आणि एक सूचना वेगळ्या चौकटीत: आमचं कोणीही ओटीपी मागणार नाही, आणि फोनवरून बँक खातं बदलून देणार नाही.

पान तयार झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी पान आधी न पाहिलेल्यांना. काही जणांनी पैशांचं बरोबर सांगितलं पण दिवस चुकवले, कारण आठवड्याची मांडणी हिशोबाच्या खूप खाली होती. ती वर, हिशोबाच्या लगेच खाली आणली. परताव्याचा कुरिअर कोणाच्या अंगावर, यावर अजूनही एक-दोघं अडखळले, म्हणून ‘आमच्याकडून’ आणि ‘तुमच्याकडून’ असे दोन शब्द ठळक केले. शेवटी पानाच्या माथ्यावर ‘हे दर या तारखेपासून लागू’ अशी ओळ घातली, आणि हिशोब विभागाशी ठरवलं की दर बदलण्याआधी उदाहरणाचे आकडे बदलून माझ्याकडे येतील. कुरिअरचा दर बदलला की ८५३.०८ हा आकडाही बदलतो, आणि शिळा आकडा पानावर राहिला तर पुन्हा तेच भांडण सुरू होतं.