झिरो उजवीकडे असेल तर गेन कुठपर्यंत वाढवावा?

ट्रान्सफर फंक्शनचा छेद ज्या s ला शून्य होतो ते पोल, अंश ज्या s ला शून्य होतो ते झिरो. स्थिरता पोल ठरवतात, म्हणून झिरोकडे फारसं कुणी बघत नाही. फीडबॅक जोडला की मात्र त्यांना वगळून चालत नाही. हे उदाहरण वही घेऊन सोडवा:

`G(s) = (2 - s) / ((s + 1)(s + 3))`

१. आधी पोल पाहा. ते −1 आणि −3 वर, म्हणजे दोन्ही डावीकडे आहेत. त्यांच्यामुळे येणारे `e^(-t)` आणि `e^(-3t)` हे भाग काळाबरोबर विरतात. फीडबॅक नसताना प्रणाली स्थिर आहे.

२. मग झिरो. तो +2 वर, उजवीकडे आहे. एकक स्टेप इनपुट दिलं तर आउटपुट शेवटी 2/3 वर स्थिरावतं, पण सुरुवातीला शून्याच्या खाली जातं. बॉयलरच्या ड्रममध्ये हेच दिसतं: तुलनेने थंड पाणी आत सोडलं की पाण्यातले वाफेचे बुडबुडे आकसतात आणि पातळी वाढण्याआधी घटते. घाईचा कंट्रोलर ती घट पाहून आणखी पाणी सोडतो. खरा धोका इथेच आहे.

३. आता लूप बंद करा. गेन K घेऊन `1 + K·G(s) = 0` मांडा आणि छेद काढून टाका:

`s² + (4 - K)s + (3 + 2K) = 0`

द्विघाती समीकरणाचे सगळे सहगुणक धन असले की दोन्ही मुळं डावीकडे असतात. म्हणून धन K साठी अट एकच उरते: K < 4. K = 1 ला पोल −1.5 ± j1.66 वर येतात, प्रतिसाद नीट विरतो. K = 4 ला ते बरोबर काल्पनिक अक्षावर असतात आणि साधारण 1.9 सेकंदांच्या आवर्तनाने आंदोलन चालूच राहतं. K = 5 ला ते आंदोलन वाढत जातं.

अंशात (2 − s) ऐवजी (s + 2) ठेवून हेच करा. मधला सहगुणक 4 + K होतो आणि कोणताही धन K चालतो. मूळ पोल तेच, फरक फक्त झिरोच्या जागेचा. गेन वाढवत नेला की बंद लूपचे पोल झिरोकडे ओढले जातात. झिरो उजवीकडे असेल तर एक पोल शेवटी तिकडेच जातो.

प्रत्यक्षात 4 च्या जवळ जाऊ नका. सेन्सर आणि व्हॉल्व्ह यांचा विलंब या मॉडेलमध्ये धरलेला नाही, आणि तो ही मर्यादा आणखी खाली आणतो.

४. झिरो छाटायचा मोह टाळा. कंट्रोलरच्या छेदात (2 − s) घातला तर कागदावर झिरो नाहीसा होतो आणि सिम्युलेशनमधलं आउटपुटही सुरेख दिसू शकतं. पण कंट्रोलरमध्ये +2 वर पोल येतो आणि त्याचा सिग्नल `e^(2t)` सारखा फुगत जातो. म्हणून सिम्युलेशनमध्ये आउटपुटच्या जोडीला कंट्रोलरच्या सिग्नलचाही आलेख काढा. व्हॉल्व्ह कमाल मर्यादेला जाऊन अडकणार असेल तर ते तिथेच आधी कळतं.