‘पॉप कर’ म्हटलं की आधी रंग भडक करू नका

दादरच्या एका फराळवाल्या काकांसाठी दिवाळी बुकिंगची पोस्ट केली होती. नारिंगी बॅकग्राउंड, चकलीचा फोटो, पांढरी अक्षरं. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं, “मस्त झालंय रे. फक्त जरा पॉप कर.”

मी जे केलं तेच बहुतेक जण करतात. सॅच्युरेशन चढवलं, अक्षरांना सावली आणि जाड आउटलाइन दिली. देवनागरीत आउटलाइनचा तोटा असा की ‘क्ष’, ‘ष्ट’ यांच्या आतल्या मोकळ्या जागा भरतात आणि अक्षराचा गोळा होतो. काकांचं उत्तर, “हं. पण पॉप नाही झालं.”

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि त्यांच्याच फोनवर पोस्ट उघडली. भर दुपार, ब्राइटनेस निम्मा. विचारलं, “काका, पहिली नजर कुठे गेली?”

“चकलीवर.”

“आणि गिऱ्हाइकाला काय कळायला हवं?”

“अरे, बुकिंग शुक्रवारी बंद होतंय ते!”

ती ओळ मी तळाशी २८ पिक्सेलमध्ये टाकली होती. १०८० पिक्सेल रुंदीची पोस्ट फोनवर साधारण तिपटीने लहान दिसते, म्हणजे ती ओळ जेमतेम नऊची. वर पांढरं नारिंगीवर. `#FF9800` वर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट सुमारे २.२:१ येतो, साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो आणि मोठ्या अक्षरांनाही ३:१. काकांच्या ‘पॉप’चा अर्थ एवढाच होता: माझी तारीख दिसत नाही.

मग बदल चारच. तारीख ९० पिक्सेलची करून वर आणली. अक्षरं गडद मरून `#5D1010` केली, कॉन्ट्रास्ट ६.३ वर गेला. दुकानाचं नाव लहान केलं (यावर काका जरा कुरकुरले, ते साहजिकच आहे). सावली, आउटलाइन काढून टाकली. पाठवण्याआधी पोस्ट ग्रेस्केल करून डोळे बारीक करून पाहिली. तारीख टिकली तर ठीक. रंग काढताच ती विरघळली असती, तर जोर नुसत्या रंगावर होता असं समजायचं.

दोन ठिकाणी ही युक्ती चालत नाही. क्लायंट “सगळंच उठून दिसू दे” म्हणाला, तर दोष मजकुराचा असतो; तेव्हा दोन वेगळ्या पोस्ट करायला सांगा. आणि तेच डिझाइन छापायला जाणार असेल, तर स्क्रीनवरचा झगझगीत नारिंगी सीएमवायकेत मंद पडतो. आधी एक प्रूफ काढून क्लायंटच्या हातात द्या.

नवी पोस्ट पाठवताना ‘पॉप’ शब्द वापरलाच नाही. लिहिलं, “काका, तारीख तिप्पट मोठी केली, वर आणली आणि मरूनमध्ये घेतली. वाचता येते का सांगा.” पाच मिनिटांत काकांनी ती स्टेटसला लावलेली दिसली.