कलावंतीण दुर्गाचा फोटो, पाच सपाट रंग आणि एक पोस्टर

जुन्या प्रवासी पोस्टरांच्या धर्तीवर चित्र करायला बसणारा प्रत्येक नवखा माणूस पहिल्यांदा जे करतो तेच मीही केले होते. कलावंतीण दुर्गाचा फोटो GIMP या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडला, `Colors > Posterize` ही आज्ञा दिली आणि रंगांच्या पातळ्या कमी करत नेल्या. चित्र सपाट झाले, पण पोस्टर झाले नाही. कातळावर रंगाचे शेकडो ठिपके उमटले, झाडीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या झाल्या आणि आकाशात गढूळ पट्टे आले. हे काम मी एका होमस्टेसाठी करत होते. त्यांनी ते पाहून फोटोच बरा होता असे सांगितले आणि ते खरेच होते. त्यानंतर तेच चित्र मी पहिल्यापासून हाताने केले. ते कसे केले हे इथे सविस्तर लिहीत आहे, कारण यातला प्रत्येक निर्णय एका ठरावीक कारणाने घ्यावा लागतो आणि ते कारण कळले की दुसरे चित्र पुष्कळ सोपे जाते.

कारणाचे मूळ छपाईत आहे. अमेरिकेत 1938 ते 1941 या काळात राष्ट्रीय उद्यानांसाठी सरकारी योजनेतून जी 14 पोस्टरे निघाली, ती स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली होती. त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी तयार करावी लागते आणि कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा जाळीखाली घालावा लागतो, त्यामुळे आणखी एक रंग घ्यायचा म्हणजे आणखी एक दिवसाचे काम ओढवून घ्यायचे. ब्रिटिश रेल्वेची पोस्टरे लिथोग्राफीने छापली जात, पण तिथेही रंगागणिक वेगळा दगड किंवा पत्रा लागे. टॉम पर्व्हिस या चित्रकाराने लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेसाठी केलेली पोस्टरे मिळतील तिथे जरूर पाहावीत. त्याच्या माणसांना बहुतेक वेळा नाकडोळे नसतात, बाह्यरेषा नसते, तरीही माणूस वाळूवर बसला आहे की वाऱ्यात उभा आहे हे लगेच कळते. रंग मोजके असल्यामुळे प्रत्येक रंगाला आकार सांगण्याचे काम करावेच लागत होते. संगणकावर ही अडचण उरलेली नाही, म्हणून ती आपणच स्वतःवर घालून घ्यावी लागते. मी पाच रंग ठरवले आणि काहीही झाले तरी सहावा घ्यायचा नाही असे कागदावर लिहून समोर चिकटवले.

फोटो प्रबळमाचीवरून घेतलेला होता. एका बाजूला प्रबळगडाचा रुंद, सपाट माथ्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कलावंतीणीचा टोकदार सुळका आणि दोघांच्या मधली ती प्रसिद्ध इंग्रजी व्हीसारखी खिंड. पोस्टरासाठी असाच विषय निवडावा, ज्याची नुसती काळी सावली कापून दाखवली तरी ट्रेक करणारा माणूस नाव सांगू शकेल. हिरव्यागार पठाराचा फोटो डोळ्यांना कितीही सुखद असला तरी त्याला सांगण्याजोगी कड नसते आणि सपाट रंगात तो एक हिरवा पट्टा होऊन राहतो. फोटो हिवाळ्यातल्या दुपारी चारनंतरचा होता. कलत्या उन्हामुळे कातळाची एक बाजू उजळली होती आणि दुसरी सावलीत होती. भर बारा वाजताच्या किंवा ढगाळ हवेतल्या फोटोत ही विभागणी नसते, आणि ती मनाने घालायला गेले की सुरुवातीला हमखास चुकते.

रंगाला हात लावण्याआधी फोटो करडा करावा आणि `Gaussian Blur` देऊन इतका धूसर करावा की झाडे दिसेनाशी होतील. डोळे बारीक करून पाहण्याचाच हा प्रकार आहे. `Posterize` ही आज्ञा आता उपयोगी पडते, पण फक्त नकाशा म्हणून. चार पातळ्यांवर माझ्या फोटोत पुढची झाडी गडद आली, सावलीतला कातळ त्याहून थोडा फिका आला, आणि उजळ कातळ, खिंडीतून दिसणारे दूरचे डोंगर आणि क्षितिजाजवळचे आकाश ही तिन्ही एकाच पातळीत मिसळून गेली. म्हणजे ज्या खिंडीसाठी हे चित्र करायचे होते, नेमकी तीच नाहीशी झाली. धुक्यामुळे दूरचे डोंगर फिके पडतात आणि कॅमेरा ते जसेच्या तसे टिपतो. प्रत्यक्ष उभे असताना आपल्याला ते वेगळे दिसतात, कारण आपण मान वळवतो आणि अंतर जाणतो. कागदावर ते वेगळेपण उजेड-अंधाराच्या पायऱ्यांनीच दाखवावे लागते. म्हणून मी फोटोचे न ऐकता पाच पायऱ्या ठरवल्या: सर्वांत उजळ आकाश, मग दूरचे डोंगर, मग उन्हातला कातळ, मग सावलीतला कातळ आणि सर्वांत गडद पुढची झाडी.

यानंतर Inkscape हा रेषा आणि आकार काढण्याचा प्रोग्राम उघडून A3 आकाराचे उभे पान घेतले, फोटो सर्वांत खालच्या स्तरावर ठेवून त्याची अपारदर्शकता निम्मी केली आणि तो स्तर कुलूपबंद केला. फोटो आडवा होता, त्यामुळे उभ्या पानात वरची बाजू रिकामी राहिली, पण आकाश एकाच रंगाचे असल्याने ते हवे तितके वर नेता आले. फोटोवरून आपोआप आकार काढण्यासाठी `Path > Trace Bitmap` मी वापरून पाहिले होते. त्यात कलावंतीणीच्या एका कडेवर हजाराहून अधिक बिंदू आले आणि त्यातला एकही हलवण्याच्या लायकीचा नव्हता. पेनच्या साधनाने, म्हणजे `B` कळ दाबून, तीच कड मी 19 बिंदूंत काढली.

या 19 बिंदूंविषयी थोडे सांगायला हवे. कलावंतीणीच्या सुळक्याची उतरती कड फोटोत झुडपांनी भरलेली होती आणि प्रत्येक झुडूप काढायचा मोह होत होता. मी ती कड पाहत बसले तेव्हा लक्षात आले की ती तीन टप्प्यांत उतरते: वर जवळजवळ सरळ तुटलेला कडा, मधे एक छोटा खांदा आणि खाली गवताचा तिरका उतार. ओळख पटवणारे एवढेच आहे. कड्याच्या भागात बिंदू टोकदार ठेवले, गवताच्या उतारावर लांब, गुळगुळीत वळण दिले. कातळ आणि माती यांतला फरक रंगाने न सांगता कडेच्या स्वभावानेच सांगता आला. कातळात कोरलेल्या पायऱ्या हे या दुर्गाचे वैशिष्ट्य, पण एवढ्या अंतरावरून त्या दाखवायच्या तर बारीक रेषा घ्याव्या लागल्या असत्या. मी त्या सोडून दिल्या. उन्हातल्या भागात सावलीच्या रंगाचा फक्त एक नागमोडी तुकडा ठेवला, आणि दुर्ग चढून आलेल्या मैत्रिणीने तो पाहताच वाट ओळखली.

आकार एकमेकांना चिकटवून काढू नयेत. दोन आकारांची कड तंतोतंत एकच ठेवली की पडद्यावर आणि कित्येकदा छपाईतही मधे केसासारखी पांढरी फट दिसते. मागचा आकार पुढच्याच्या खाली बराच आत सरकवावा, कागद कापून एकावर एक ठेवल्यासारखा. आधी पूर्ण पानभर आकाश, त्यावर दूरचे डोंगर, त्यावर दोन्ही कातळ आणि सगळ्यांत वर झाडी. जुने छपाईवालेही रंग थोडे एकमेकांवर चढवत असत, कारण कागद दरवेळी केसभर सरकत असे.

रंगांत माझी मोठी चूक झाली. आकाशासाठी साय रंग `#F3E3C3`, उन्हासाठी नारिंगी `#D98A2B`, सावलीसाठी विटकरी `#C4562E`, झाडीसाठी गडद निळा `#1F3440` आणि दूरच्या डोंगरांना राखाडी निळा `#5F7F86` असे घेतले. पडद्यावर छान दिसत होते, पण दहा फुटांवरून पाहिले की प्रबळगडाची सावलीची बाजू आणि तिच्या मागचे डोंगर एकमेकांत थरथरल्यासारखे वाटत. कारण शोधायला रंगातल्या लाल, हिरव्या आणि निळ्या भागांच्या 0 ते 255 मधल्या आकड्यांवरून उजळपणा मोजणारे हे जुने सूत्र लावले:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

विटकरी रंगाचा आकडा 114 आला आणि राखाडी निळ्याचा 118. रंग वेगळे, पण उजेडाच्या हिशेबात दोन्ही एकच. म्हणजे करड्या नकाशावर ठरवलेली पायरी मी रंग निवडताना विसरले होते. दूरच्या डोंगरांसाठी `#B4C4C0` घेतला, त्याचा आकडा 191. आता आकाश 228, डोंगर 191, ऊन 151, सावली 114 आणि झाडी 47 अशी उतरण झाली आणि खिंड लगेच उघडली. सूत्र नको असेल तर तयार चित्र करडे करून पाहावे, शेजारच्या दोन आकारांची कड हरवली की रंग बदलावा. गडद रंग म्हणून शुद्ध काळा मी घेत नाही. तो कागदाला भोक पडल्यासारखा दिसतो आणि बाकीचे चार रंग त्याच्यापुढे फिके पडतात.

अक्षरांच्या बाबतीत इंग्रजी पोस्टरांची मांडणी जशीच्या तशी उचलता येत नाही. इंग्रजी मोठ्या लिपीतल्या अक्षरांची उंची सारखी असते, त्यामुळे अरुंद पट्टीतही ती मावतात. ‘कलावंतीण दुर्ग’ या दोन शब्दांत मात्र वर अनुस्वार, वेलांटी आणि रफार आहे, खाली उकार आहे. मी पानाच्या खालचा आठवा भाग सोडला होता, त्यात उकार कडेला टेकला. शेवटी सहावा भाग दिला आणि झाडीचा गडद आकारच खाली वाढवून त्यावर साय रंगात अक्षरे ठेवली, म्हणजे वेगळी पट्टी लागली नाही. टंक ‘बलू’चा जाड प्रकार घेतला, कारण त्याची शिरोरेखा पुरेशी रुंद आहे आणि लांबून ती एका आडव्या पट्ट्यासारखी वाचता येते. बारीक शिरोरेखेचा टंक या जाड आकारांशेजारी उपरा वाटतो. छपाईला देण्यापूर्वी `Path > Object to Path` ही आज्ञा देऊन अक्षरांचे आकार करून घ्यावेत, नाहीतर दुसऱ्या संगणकावर तो टंक नसला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.

जुनाट कागदाचा पोत आणि सुरकुत्या मी टाकल्या नाहीत. आकार कच्चे असले की पोत त्यांना झाकतो आणि आपली चूक आपल्यालाच दिसत नाही, म्हणून किमान पहिली काही पोस्टरे त्याविना करावीत.

छपाईत नारिंगी रंग दगा देतो. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि शाईत त्याची झळाळी उतरत नाही. पूर्ण A3 छापण्याआधी त्याच कागदावर A4 ची एक प्रत काढून घेतली, तेव्हा कातळावरचे ऊन मातकट दिसले. नारिंगी `#E0952F` केला, त्याचा आकडा 160 झाला. दूरच्या डोंगरांपासूनचे अंतर 40 वरून 31 वर आले, म्हणून पुन्हा प्रत काढून ती भिंतीवर लावली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खिंड दिसते का ते पाहिले. ती दिसली, तेव्हा मोठी प्रत छापायला दिली.