९९.९ टक्के अपटाइम म्हणजे महिन्यात किती मिनिटे बंद: हिशेब कसा करावा

सर्व्हरच्या करारात ‘९९.९ टक्के अपटाइम’ असे लिहिलेले असते, तेव्हा उरलेला ०.१ टक्का, म्हणजे एकूण वेळेचा हजारावा भाग, सेवा बंद राहिली तरी करार मोडत नाही. हा हजारावा भाग मिनिटांत मांडला की पुढचे सगळे सोपे होते.

प्रथम महिन्याची एकूण मिनिटे काढावीत. तीस दिवसांच्या महिन्यात ३० गुणिले २४ गुणिले ६०, म्हणजे ४३,२०० मिनिटे असतात. त्यांना हजाराने भागले की ४३.२ येते. इथे अनेकांची गफलत होते, कारण ४३.२ म्हणजे ४३ मिनिटे २० सेकंद नव्हे. दशांश चिन्हापुढील भागाला ६० ने गुणावे लागते, ०.२ गुणिले ६० म्हणजे १२, म्हणून खरी मुभा ४३ मिनिटे १२ सेकंदांची आहे. एकतीस दिवसांच्या महिन्यात ती ४४ मिनिटे ३८ सेकंदांपर्यंत वाढते आणि अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीत ४० मिनिटे १९ सेकंदांवर येते. काही तक्त्यांत ४३ मिनिटे ५० सेकंद असा आकडा दिसतो. तो चुकीचा नाही, फक्त वर्षाला बाराने भागून काढलेल्या सरासरी महिन्याचा आहे. करारात महिन्याची व्याख्या कॅलेंडरप्रमाणे असेल, तर हा सरासरी आकडा वापरू नये.

दर महिन्याला हाताने गुणाकार करायचा नसेल, तर स्प्रेडशीटमध्ये A1 मध्ये दिवस आणि B1 मध्ये 99.9 (टक्क्याचे चिन्ह न लावता) लिहून पुढील सूत्र द्यावे. उत्तर मिनिटांत मिळते.

```
=A1*24*60*(100-B1)/100
```

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, जून महिन्यात सर्व्हर तीनदा बंद पडला: एकदा डिस्क भरल्यामुळे ११ मिनिटे ४० सेकंद, एकदा आधी कळवून केलेल्या देखभालीसाठी १८ मिनिटे आणि एकदा प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे १६ मिनिटे १० सेकंद. तिन्हींची बेरीज ४५ मिनिटे ५० सेकंद होते आणि मुभेपेक्षा ती २ मिनिटे ३८ सेकंदांनी जास्त आहे. मात्र पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल डाउनटाइममध्ये धरायची नाही, असे कलम अनेक करारांत असते. ते असेल तर बंद वेळ २७ मिनिटे ५० सेकंदच उरतो आणि अपटाइम ९९.९३६ टक्के भरतो. महिना तोच, बिघाड तेच, पण निकाल उलटा. म्हणून मिनिटे मोजण्याआधी हे कलम शोधून वाचावे, असे माझे मत आहे.

कलम नसेल, तर याच उदाहरणात आणखी एक खाच सापडते. ४५.८३ मिनिटांना ४३,२०० ने भागून शंभराने गुणले की ०.१०६ टक्के येतात, म्हणजे अपटाइम ९९.८९४ टक्के झाला. अहवालात हा आकडा दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत छापला तर तो ९९.९ असाच दिसेल आणि वाचणाऱ्याला वाटेल की अट पाळली गेली. अहवाल तपासताना टक्केवारी निदान तीन दशांश स्थळांपर्यंत मागावी, किंवा त्याहून बरे म्हणजे बंद मिनिटेच मागावीत.

शेवटी, ही मिनिटे मोजली कशी, हे पाहावे. मॉनिटरिंगचे साधन दर पाच मिनिटांनी एकदाच सर्व्हरला हाक मारत असेल, तर दोन हाकांच्या मधल्या चार मिनिटांत बंद पडून पुन्हा सुरू झालेला सर्व्हर त्याला कधीच सापडत नाही. वरचा ११ मिनिटे ४० सेकंदांचा बिघाडही अशा साधनात हाकांच्या वेळेनुसार दोन किंवा तीन हाकांइतका, म्हणजे १० किंवा १५ मिनिटांचा नोंदला जातो. तीस दिवसांच्या महिन्यात आठ हाका चुकल्या तर ४० मिनिटे होतात आणि मर्यादा पाळली जाते, नववी चुकली की ४५ होऊन ती ओलांडते. मधला आकडा या मापाला दिसतच नाही. ४३ मिनिटांच्या मुभेसाठी पाच मिनिटांची पट्टी फार जाड आहे. तपासणी दर मिनिटाला ठेवली, तर एका बिघाडामागे चूक एका मिनिटाच्या आत राहते. शिवाय सर्व्हरच्या नोंदींमधील सुरू-बंद होण्याच्या वेळा सेकंदांसह जुळवून पाहिल्या, तर वादाच्या वेळी दाखवायला नेमका आकडा हाताशी असतो.