चॅटला फोटो पाठवताय? या चुका टाळा (नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी सूचना)

मंडळी, आतापासून आपल्या सायबर कॅफेतल्या मशीनवरून एआय चॅट टूलला फोटो पाठवायला हरकत नाही. बँकेचं पत्र, लाइट बिल, फेरफाराची नक्कल, काय हवं ते दाखवा आणि विचारा. इतके दिवस मी ‘लिहूनच विचारा’ म्हणत होतो, त्याला कारण होतं. तेच खाली लिहितोय. वाचा आणि मगच खुर्चीत बसा.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे कसाही काढलेला फोटो टाकायचा आणि आलेलं उत्तर खरं धरायचं. आपले एक काका वाटपाच्या फेरफाराची जुनी, हाताने लिहिलेली नक्कल घेऊन आले. पुतण्याने ट्यूबलाइटखाली, घडी न उलगडता फोटो काढला, काकांना व्हॉट्सॲप केला, तिथून स्क्रीनशॉट आणि तो चॅटला. चॅटने सुबक तक्ता करून दिला: थोरला ०.९१ हेक्टर, मधला ०.११, धाकटा ०.९१. काका मधले. एकदम लाल झाले. तलाठ्याकडे अर्ज लिहून द्या म्हणाले, धाकट्याला फोनही लावला.

मी मूळ कागद मागितला. खाली एकूण क्षेत्र स्वच्छ लिहिलं होतं, २.७३. तक्त्याची बेरीज येते १.९३. बरोबर ०.८० कमी. म्हणजे काकांचेही ०.९१च होते. ९१ आर म्हणजे साधारण सव्वादोन एकर, आणि चॅटने त्यांना अकरा गुंठ्यांवर आणून बसवलं होतं! घडीची रेघ नेमकी नऊच्या डोक्यावरून गेली होती. हाताने लिहिलेले १ आणि ९ आधीच जुळे भाऊ, त्यात व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, तेव्हा बारीक रेघा जातात. आणि हे टूल ‘इथे वाचता येत नाही’ म्हणून थांबेलच असं नाही. शोभेलसा आकडा ठेवून पुढे जातं, तोही पूर्ण आत्मविश्वासाने.

म्हणून माझी पद्धत ऐका. कागद उलगडून सपाट ठेवा, खिडकीच्या उजेडात, स्वतःची सावली पडू न देता. त्याहून बरं, काउंटरच्या स्कॅनरवर टाका. फोनमधला फोटो व्हॉट्सॲपने आणायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. पहिल्याच फटक्यात ‘माझा हिस्सा किती?’ असं विचारू नका. आधी हे लिहा: ‘दिसतंय ते ओळीनुसार जसंच्या तसं उतरव. वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक. दुरुस्ती करू नकोस.’ मग पेन्सिल घेऊन एकेक आकडा कागदाशी ताडा, बेरीज स्वतः करा, आणि नंतर अर्थ विचारा. पाच मिनिटं जातात. पाच मिनिटं नसतील त्यांनी जमिनीचे कागद चॅटला दाखवू नयेत, सरळ सांगतो. आणि सातबारा लागणारच असेल तर महाभूमीवर डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो, त्याचा फोटो कशाला वाचत बसायचा?

मोडीतला कागद असेल तर मोडी जाणणाऱ्याकडेच न्या.

दुसरी चूक आधारची. कामाचा प्रश्न एका ओळीचा आणि फोटोत बारा आकडे, पत्ता, जन्मतारीख सगळं. हुशार पोरं फोनमधल्या हायलायटरने नंबर खोडतात. तो रंग अर्धवट पारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे वर येतात. कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा, नाहीतर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करा. पासबुकलाही पट्टीच. ओटीपीचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला मी खुर्चीवरून उठवणार आहे.

उठताना चॅटमधून लॉगआउट करा. नुसती खिडकी बंद केली तर पुढच्या गिऱ्हाइकाला तुमचा कागद दिसतो. व्हॉट्सॲप वेबचंही तेच, आणि डाउनलोड फोल्डरमधला फोटो रीसायकल बिनमधूनही काढा. मशीन साफ करून गेलात म्हणून खूण उरत नाही असं मात्र समजू नका. २०११ च्या सायबर कॅफे नियमांप्रमाणे तुमचं ओळखपत्र, रजिस्टरातली नोंद आणि उघडलेल्या साइट्सचा हिशेब मला किमान वर्षभर ठेवावा लागतो.

फॉर्मसाठी फोटो २० केबीचा करायला चॅटला सांगू नका. काही टूल चेहराच नव्याने रंगवून देतात. ते काम मी पेंटमध्ये करून देतो.

दहा पानं एकदम टाकू नका. एका वेळी एक पान.

स्कॅनर फक्त काउंटरजवळच्या मशीनला जोडलेला आहे. सकाळी परीक्षेचे फॉर्म भरणाऱ्यांची गर्दी असते, चॅटसाठी येणाऱ्यांनी दुपारी जेवणानंतर यावं.