प्रबंध बाहेर तपासून घेताय? या चुका टाळा

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की पुण्यातल्या संशोधकांची ठरलेली धावपळ सुरू होते. गाइडची सही, बाइंडिंगवाला आणि ग्रंथालयाकडून मिळणारा साहित्यचौर्य तपासणीचा दाखला. यात दाखल्याची धास्ती सगळ्यात मोठी. मग ‘तिकडे देण्याआधी आपण एकदा बघून घेऊ’ असं ठरतं आणि दोनपैकी एक रस्ता धरला जातो. एक तर गुगलवर वर आलेली एखादी फुकट वेबसाइट, नाहीतर टायपिंगच्या दुकानातून किंवा टेलिग्रामवरून थोड्या पैशांत ‘ओरिजिनल टर्निटिन रिपोर्ट’ काढून देणारा माणूस. दोन्हीकडे धोका एकच आहे. अप्रकाशित मजकूर कुणाच्या तरी साठ्यात जमा होऊ शकतो आणि पुढे अधिकृत तपासणीत तुमचा प्रबंध तुमच्याच प्रबंधाशी जुळतो.

चूक पहिली: ‘वेबसाइट फक्त वाचते’ असं धरून चालणं

तपासणी करणारी प्रणाली मजकुराचे छोटे छोटे, एकमेकांवर चढलेले तुकडे करते, प्रत्येक तुकड्याचा एक संख्यात्मक ठसा काढते आणि तो आपल्याकडच्या ठशांशी ताडून बघते. आता हे ठसे जितके जास्त, तितकी प्रणाली उपयोगी. त्यामुळे आलेली फाईल तपासून झाल्यावर ठेवून घेण्यात चालवणाऱ्याचा फायदाच असतो. सगळ्याच फुकट वेबसाइट असं करतात असं नाही. काही जण नुसती तुमची वाक्यं सर्च इंजिनला विचारतात आणि निकाल दाखवतात. पण बाहेरून बघून यातली कोणती कुठल्या जातीची, हे कळत नाही.

कळायचं एकच ठिकाण म्हणजे त्यांच्या अटी. त्या पानावर `retain`, `license`, `third parties` हे शब्द शोधा. मजकूर किती दिवस राहतो आणि तो आणखी कशासाठी वापरला जातो, याचं सरळ उत्तर तिथे नसेल तर तो राहतो असंच समजा. कंपनीचा पत्ता नाही, संपर्काला नुसता एक फॉर्म, अशी वेबसाइट असेल तर अटी वाचण्यातही वेळ घालवू नका.

‘मी फाईल टाकली नाही, नुसता मजकूर पेस्ट केला’ हा बचाव बऱ्याच जणांकडून ऐकू येतो. त्याला अर्थ नाही. एका वेळी हजारेक शब्दांची मर्यादा असते म्हणून प्रकरणाचे तुकडे करून चिकाटीने पेस्ट करणारेही आहेत. चौकटीत टाकलेला मजकूर सर्व्हरवर गेला, तो फाईलमधून गेला काय नि पेस्ट होऊन गेला काय, सारखंच.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर प्रणालीला रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. त्यामुळे अहवालात शून्य टक्के येतं आणि माणूस खूश होतो. त्या शून्याचा प्रबंधाच्या स्वच्छतेशी काही संबंध नसतो.

चूक दुसरी, आणि जास्त महागाची: एजंटकडून ‘खरा’ रिपोर्ट काढणं

इथे रिपोर्ट बहुतेक वेळा खराच असतो, आणि गोम तिथेच आहे. टर्निटिन ही सेवा संस्थांना विकली जाते. सुट्या विद्यार्थ्याने जाऊन खातं उघडावं अशी सोय त्यात नाही. मग एजंटकडे खातं येतं कुठून? कुठल्या तरी संस्थेच्या, कित्येकदा परदेशी विद्यापीठाच्या, शिक्षक-खात्यातून. त्या खात्यात ‘असाइनमेंट’ तयार करून त्यात तुमचा प्रबंध एखाद्या विद्यार्थ्याचा गृहपाठ म्हणून टाकला जातो.

असाइनमेंट बनवताना `Submit papers to` असा एक पर्याय असतो. तिथे `standard paper repository` निवडलेलं राहिलं तर फाईल टर्निटिनच्या सामायिक भांडारात कायमची जाते. `no repository` निवडलं तर तपासणी होते, पण फाईल जमा होत नाही. एजंटने काय निवडलं होतं हे तुम्हाला रिपोर्ट बघून कळत नाही. तो ‘सेव्ह होत नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणतो, पण त्या शब्दाला तारण काय?

एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. समजा पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवता शिकवता पीएचडी करणाऱ्या बाईंचा प्रबंध 60,000 शब्दांचा आहे. मार्चमध्ये त्यांनी दुसरं, तिसरं आणि चौथं प्रकरण, मिळून 30,000 शब्द, एजंटकडून तपासून घेतले. रिपोर्ट छान आला. पुढे गाइडच्या सूचनांवरून त्यातले 6,000 शब्द बदलले, 24,000 तसेच राहिले. जूनमध्ये ग्रंथालयाने पूर्ण प्रबंध टर्निटिनवर तपासला. हे 24,000 शब्द म्हणजे प्रबंधाचे 40 टक्के, आणि ते एकाच स्रोताशी जुळले. उरलेल्या प्रकरणांत इतर स्रोतांशी जुळणारे 4 टक्के होतेच. एकूण आकडा 44.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. 10 ते 40 मध्ये जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून पुन्हा द्यायचं. 40 ते 60 मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द. म्हणजे एक ओळही न चोरता बाई तिसऱ्या गटात जाऊन बसल्या. स्वतःचंच लिखाण आहे हे सिद्ध झालं तर ते चौर्य ठरत नाही, हे खरं. पण ते सिद्ध करायची जबाबदारी आता त्यांच्यावर आली, आणि तीही प्रबंध जमा करायच्या आठवड्यात.

हाच प्रकार झालाय हे ओळखायचं कसं

अहवालाच्या शेवटची स्रोतांची यादी बघा. नेहमीच्या प्रबंधात एकेक, दोन-दोन टक्क्यांचे बरेच स्रोत विखुरलेले दिसतात. इथे मात्र एकच स्रोत भलामोठा असतो, त्यावर ‘स्टुडंट पेपर’ अशी खूण असते आणि नावाच्या जागी `Submitted to` पुढे तुम्ही कधी पाहिलंही नाही असं विद्यापीठ असतं. त्याची तारीख एजंटला फाईल दिली त्या दिवसाच्या आसपासची निघाली की शंका उरत नाही. जुळणीही सलग पानंच्या पानं असते, अगदी तुमच्या टंकलेखनाच्या चुकांसकट.

त्या विद्यापीठातल्या फाईलचा मजकूर तुमच्या ग्रंथपालांना थेट उघडता येत नाही. ती बघू द्या अशी विनंती प्रणालीतून पाठवता येते, पण ती जाते त्या खात्याच्या शिक्षकाला. म्हणजे ज्याचं खातं एजंट वापरतोय त्याला. उत्तराची वाट बघत बसू नका.

तिसरी चूक: गप्प बसणं, किंवा घाबरून प्रबंधच बदलायला घेणं

जुळणारा भाग शब्द फिरवून लिहायला घेणारे भेटतात. चांगली वाक्यं मोडून वाईट वाक्यं करायची, आणि ठसे मात्र बरेचसे जुळतच राहतात. त्याऐवजी अधिकृत तपासणीच्या आधीच गाइड आणि ग्रंथपाल यांना लेखी कळवा. तपासणीनंतर दिलेलं स्पष्टीकरण सबब वाटतं, आधी दिलेली माहिती माहितीच राहते.

पत्रात फाईल कधी, कुठे, कोणती प्रकरणं दिली ते लिहा. सोबत एजंटच्या किंवा वेबसाइटच्या रिपोर्टचं पहिलं पान जोडा. त्यावर फाईलचं नाव, तारीख आणि `Submission ID` असतो. हा क्रमांक फार कामाचा, कारण भांडारातली नेमकी फाईल त्यावरूनच दाखवता येते. पैसे दिल्याची नोंद आणि चॅटचे स्क्रीनशॉटही जोडा. लाज वाटते म्हणून हेच कागद लोक पुसून टाकतात. मजकूर तुमचा आहे यासाठी गाइडना मेलने पाठवलेले तारखेचे कच्चे खर्डे आणि संशोधन सल्लागार समितीपुढे ठेवलेले प्रगती अहवाल पुरेसे बोलतात.

मग ग्रंथपालांना तो एक स्रोत वगळून अहवाल पुन्हा काढायला सांगा आणि दोन्ही अहवाल एकत्र ठेवा. वरच्या उदाहरणात 40 वजा झाले म्हणजे 4 उरतील असं वाटेल, पण आकडा 7 वगैरे येऊ शकतो. मोठ्या स्रोताखाली झाकले गेलेले छोटे स्रोत तो काढल्यावर वर येतात. यात गैर काही नाही, फक्त आधी माहीत असलेलं बरं.

फाईल काढून टाकायचा प्रयत्नही करा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. एजंटने आपल्या यादीतून ती डिलीट केली तरी भांडारातून ती जात नाही. कायमची काढायची विनंती ज्या संस्थेच्या खात्यातून फाईल गेली तिथल्या शिक्षकाने करायची आणि तिथल्याच प्रशासकाने ती मंजूर करायची असते. टर्निटिनला तुम्ही थेट लिहिलंत तर तेही तुम्हाला त्या संस्थेकडेच पाठवतील.

मग आधी बघायचंच असेल तर?

गाइडच्या किंवा ग्रंथालयाच्या खात्यातून बघा. विद्यापीठांना इन्फ्लिबनेटच्या ‘शोधशुद्धी’ योजनेतून तपासणीची प्रणाली मिळते, त्यासाठी संशोधकाने बाहेर पैसे मोजायचं कारण नाही. कच्चा खर्डा देताना एवढंच विचारा: ‘सर, ही फाईल भांडारात जमा होणार नाही ना?’ प्रश्न आगाऊपणाचा नाही. घाईत ग्रंथालयातूनच पहिला खर्डा जमा झाला, तर अंतिम प्रबंध त्याच्याशीही जुळतो.

कुणाला त्रास न देता घरी बघायचं तर शंका असलेल्या वाक्यातले आठ-दहा सलग शब्द अवतरणचिन्हांत घालून गुगलवर शोधा. वेळखाऊ आहे, पण संदर्भ द्यायचा राहून गेलेली वाक्यं यात बऱ्यापैकी सापडतात, आणि प्रबंध तुमच्या लॅपटॉपवरच राहतो.

एका प्रणालीत प्रबंध स्वच्छ निघाला म्हणून दुसरीकडे निघेलच असं नाही, कारण प्रत्येकीचा साठा वेगळा. एजंटकडे टर्निटिन आणि विद्यापीठात दुसरीच प्रणाली असेल, तर दाखला सहज मिळून जाईल. नंतर प्रबंधातूनच काढलेला लेख टर्निटिनच्या भांडाराशी ताडून बघणाऱ्या एखाद्या नियतकालिकाकडे गेला, की ते अनोळखी विद्यापीठ तिथे वर येईल. म्हणून फाईल बाहेर गेली असेल तर दाखला मिळाल्यावरही ते पत्र आणि `Submission ID` असलेलं पान जपून ठेवा. लेख पाठवताना संपादकांना लिहायच्या पत्रात ती माहिती दोन ओळींत देता येते.